ट्रेकचा हिशोब: सरसकट भागाकार की ज्याचं त्याने?

सर्वेश, मडगाव: आम्ही सहाजण नेत्रावळीला मैनापी धबधब्यावर गेलो, रात्री एका कुळागरात टेंट लावले. गाईड १८००, जीप ३०००, भाड्याचा एक टेंट ९००, चार स्लीपिंग बॅग ६००, तीन काठ्या ३००, एकूण ६६००, माणशी ११००. आता ज्याने स्वतःचा टेंट नि बॅग आणली तो म्हणतो मी एवढे देणार नाही. बरोबर आहे का?

मनीषा: बरोबरच आहे त्याचं. गाईड आणि जीप सगळ्यांसाठी होती, कोणी हळू चालो की जोरात, तिथे सहा भाग, माणशी ८००. बॅग आणि काठी ज्याने घेतली त्याने भरायची.

रोहन: मित्रामित्रांत काठीचे शंभर रुपये मोजत बसायचं? अशाने पुढच्या ट्रेकला कोण येणार, सरळ सहाने भागा आणि मोकळे व्हा. आणि टेंटचं वेगळं धरायचंच असेल तर ९०० तिघांतच, जे भाड्याच्या टेंटमध्ये झोपले ते.

मनीषा: रोहन, टेंटचं तेवढं पटत नाही. बाकीचे दोघे मित्राच्या टेंटमध्ये फुकट झोपले ना? कोण कुठे झोपलं हा योगायोग. म्हणून ९०० पाच जणांत, प्रत्येकी १८०, आणि ज्याने टेंट पाठीवर वाहून आणला त्याला शून्य. म्हणजे त्याचे फक्त ८००. स्वतःची बॅग असलेला दुसरा ९८०, बॅग घेतलेला ११३०, बॅग आणि काठी दोन्ही घेतलेले तिघे १२३० प्रत्येकी. बेरीज करून बघ, ६६०० च येते.

दीपाली, वास्को: आमच्यात तर एकजण आदल्या रात्री गळाला आणि म्हणाला मी आलोच नाही तर पैसे कसले, शेवटी आम्हीच भरले, अजून राग आहे मला.

मनीषा: दीपाली, इथे तसं काही झालेलं नाही, पण तुमच्या बाबतीत गाईड आणि गाडी माणसावर नाही, फेरीवर ठरलेली असेल तर त्याचा वाटा त्याने द्यायलाच हवा होता. बॅग वेळेत रद्द झाली असती तर तेवढी सोडायची.

सर्वेश: एक राहिलं. डिपॉझिट २००० मी भरलेलं, दुकानदाराने टेंटची चेन तुटली म्हणून ४०० कापले. चेन कोणी तोडली कोणाला माहीत नाही.

रोहन: बघ, आता हे पण पाच जणांत वाटणार?

मनीषा: डिपॉझिट परत येतं म्हणून ते ६६०० मध्ये नकोच, कापलेले ४०० तेवढे खर्चात धरा. घेताना दुकानातच टेंट उभा करून चेन दोनदा ओढून फोटो काढला होता का? नसेल तर चेन आधीच निसटत होती की नाही हे आता कळणार नाही. मी म्हणते पाच जणांत, ८० प्रत्येकी.

रोहन: आणि मी म्हणतो आत झोपलेल्या तिघांनी, चेन त्यांच्याच हातात होती. इथे मात्र ज्याचं त्याने.