नाटकवाल्यांचं हॉटेल: चेकआउटला १३८ दिरहम जास्तीचे

संदीप
मंडळी, नाटकवाले आज सकाळी निघाले. दोन खोल्या, तीन रात्री, वेबसाइटवर 'करांसहित' २,४०० दिरहम आगाऊ भरले होते. तरी काउंटरवर १३८ मागितले. विमानाची वेळ झालेली, म्हणून दिग्दर्शकांनी खिशातून दिले. हे आज परत करायचे आहेत. सुनंदाताई?

सुनंदाताई (खजिनदार)
बिल पाठव. २,४०० मंजूर झालेत, त्यावरचे कशाचे ते कळल्याशिवाय देणार नाही. गणपतीच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच.

मिलिंद
सर्व्हिस चार्ज लावला असणार. तो ऐच्छिक असतो, काढायला सांगायचं. भारतात २०२२ पासून तसा नियमच आहे.

अरविंदकाका
मिलिंद, तो नियम भारतातला, दुबईत कसा चालेल? इथे खोलीच्या भाड्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ७ टक्के म्युनिसिपालिटी फी आणि ५ टक्के व्हॅट असतो. हे तिन्ही तुमच्या २,४०० मध्ये आलेले असणार. राहिला टुरिझम दिरहम. तो टक्क्यांत नसतो, दर खोलीमागे दर रात्री ठरलेला असतो. पंचतारांकितला २०, चार तारांकितला १५, तीनला १०. बऱ्याच साइट्स तो एकूण रकमेत धरत नाहीत, कारण तो हॉटेल जागेवरच घेतं. कन्फर्मेशनच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरांत 'हॉटेलवर देय' असं काहीतरी असेल, बघ. तुमचं हॉटेल चार तारांकित, म्हणजे १५ गुणिले दोन खोल्या गुणिले तीन रात्री, ९० झाले. उरलेले ४८ कशाचे, ते तूच सांग. मी डेराला फ्रंट ऑफिसला असताना रोज यावरून भांडणं व्हायची, आणि पाहुणा दर वेळी आमच्यावरच डाफरायचा.

नीलिमा
व्हॅट विमानतळावर परत मिळतो ना? माझ्या जावेला सोन्यावर मिळाला होता.

अरविंदकाका
सोनं बरोबर नेता येतं म्हणून मिळाला. राहण्याचा नाही मिळत.

संदीप
बिल मिळालं. `Tourism Dirham Fee` ९०, रूम सर्व्हिस ४८. चहा आणि सँडविच, मध्यरात्रीचं. मेलमध्ये खाली ९० ची ओळ खरंच आहे.

सुनंदाताई
९० देते, व्हाउचर आण. ४८ नाही. प्रयोगानंतर हॉलवर जेवण होतं, पुलाव उरलाही होता.

मिलिंद
ताई, कलाकारांकडून चहाचे पैसे घ्यायचे? पुण्यात जाऊन काय सांगतील!

सुनंदाताई
मग तू दे.

नीलिमा
तो पुलाव कोणी नेला? माझा मोठा डबा त्यातच गेलाय.

संदीप
दिवाळीच्या गायकांचं बुकिंग पाच तारांकितचं आहे, तीन खोल्या, दोन रात्री. म्हणजे आणखी १२० धरायचे. ते मंजुरीत आत्ताच घालायचे, की तेव्हा परत हेच?