मदत हवी आहे: क्लॅमिडियाचा कोर्स पूर्ण करूनही तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह

शेवंती (धागाकर्ती):
नमस्कार. मी नाशिकला राहते, वय २९, लग्नाला चार महिने झाले आहेत. पाळी नसताना अधूनमधून रक्ताचे डाग दिसू लागले, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी योनीतील स्वॅबची पीसीआर तपासणी केली आणि त्यात क्लॅमिडिया निघाला. ३ मार्चपासून ९ मार्चपर्यंत डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळी व रात्री एकेक, असा कोर्स मी एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. यजमान कामानिमित्त बाहेरगावी होते; ते परतल्यावर ११ मार्चला त्यांनी अॅझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस घेतला. १४ तारखेला आमचा संबंध आला. मनाला चैन पडेना, म्हणून २४ मार्चला मी स्वतःहून त्याच प्रयोगशाळेत पुन्हा स्वॅब दिला, तर तोही पॉझिटिव्ह आला. औषध लागू पडले नाही असे समजायचे का? आणि हा संसर्ग मला कोणाकडून आला, हे अहवालावरून कळते का?

भटक्या:
ताई, डॉक्सीसायक्लिन हे जुने औषध झाले. आता अॅझिथ्रोमायसिन एकदाच घेतले की काम होते, आठवडाभर गोळ्या मोजत बसावे लागत नाही. तुम्हीही तेच घ्या.

मोहर:
मलाही दोन वर्षांपूर्वी क्लॅमिडिया झाला होता. उपचारानंतर रक्तातील आयजीजी वर्षभर पॉझिटिव्हच येत राहिले आणि डॉक्टरांनी ते सोडून द्यायला सांगितले. तुम्हीही काळजी करू नका.

डॉ. व. (त्वचा व गुप्तरोग):
मोहर, तुम्ही सांगता ती रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी आहे. शेवंतीताईंची स्वॅबवरची आहे, त्यामुळे तुमचा दाखला इथे लागू होत नाही. भटक्या, एका डोसची सोय खरी आहे आणि गरोदरपणात अॅझिथ्रोमायसिनच देतात, परंतु अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ च्या मार्गदर्शनात पहिली पसंती डॉक्सीसायक्लिनलाच दिली आहे, कारण विशेषतः गुदमार्गातील संसर्गात एका डोसने रोग राहून जाण्याचे प्रमाण अधिक दिसते.

शेवंतीताई, पीसीआर जंतूचा जनुकीय अंश शोधते. तो अंश जिवंत जंतूचा की मेलेल्या, हे तिला ओळखता येत नाही. म्हणून उपचार संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत केलेल्या तपासणीवरून निष्कर्ष काढू नये. तुमची तपासणी पंधराव्या दिवशी झाली आहे, तेव्हा केवळ तिच्यावरून औषध फसले असे मी म्हणणार नाही. मला खटकते आहे ते १४ मार्चचे. एका डोसनंतरही सात दिवस संबंध टाळायचा असतो आणि तुमच्या बाबतीत तीनच दिवस गेले होते, म्हणजे तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा बाधित झाला असण्याचीही शक्यता आहे. एक विचारतो: गोळी कशाबरोबर घेत होतात?

शेवंती:
सकाळी चहानंतर, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर. हिमोग्लोबिन कमी असल्याने त्या आधीपासून चालू होत्या. तिन्ही गोळ्या एकाच डबीत काढून ठेवत असे.

डॉ. व.:
मग सकाळचा डोस बहुधा पूर्ण शोषला गेला नसेल. लोह आणि कॅल्शियम डॉक्सीसायक्लिनला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर लागते. त्याने संसर्ग राहिलाच असे सिद्ध होत नाही, पण ही डबी आणि ती तारीख दोन्ही तुमच्या डॉक्टरांना सांगा. मी असतो तर गरोदरपणाची चाचणी करून दोघांना एकाच वेळी पुन्हा उपचार दिले असते आणि दोघांचे औषध संपेपर्यंत, एक डोस दिल्यास त्यानंतर सात दिवस, संबंध थांबवला असता. मधल्या काळात ओटीपोटात दुखू लागले किंवा ताप आला तर वाट पाहू नका. गर्भाशय-नलिकांच्या संसर्गाचे उपचार वेगळे आणि लांबीचे असतात. या फेरीनंतर सुमारे तीन महिन्यांनी दोघांची तपासणी करा, कारण पुन्हा लागण होणे हे औषध फसण्यापेक्षा कितीतरी अधिक आढळते.

कोणाकडून आला, हे अहवाल सांगत नाही. क्लॅमिडिया कित्येक महिने लक्षणांविना राहू शकतो. तो लग्नाआधीचा तुमचाही असू शकतो, त्यांचाही.

काजवा:
मी सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. लक्षणे दिसण्याआधीच्या किंवा निदानाआधीच्या साठ दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला, त्या प्रत्येकाला कळवायचे असते. तुमच्या बाजूने ते यजमानच आहेत. त्यांना दुसरी कोणी जोडीदार असेल, तर तिलाही कळायला हवे; नाहीतर उपचारांनंतर संसर्ग त्याच वाटेने परत येईल. "मला संसर्ग निघाला आहे, तुम्ही तपासून घ्या" एवढे सांगितले तरी पुरते, दोष कोणाचा हे त्यात आणायचे कारण नाही. दोघांची एचआयव्ही व सिफिलिसची तपासणीही त्याच भेटीत उरकून घ्या.

शेवंती:
उद्या सकाळची वेळ घेतली आहे. लोहाची गोळी आता दुपारी घेईन. यजमानांना साठ दिवसांचे विचारले. ते काही बोलले नाहीत, पण उद्या बरोबर येतो म्हणाले. काजवाताई, तुमच्या क्लिनिकमध्ये दोघांशी वेगवेगळे बोलतात का?

काजवा:
हो, आधी वेगवेगळेच. एकाने सांगितलेले दुसऱ्याला कळवत नाही.