मदत हवी आहे : नियमात न बसल्यामुळे कर्ज नाकारलं, अर्जदाराला मेल कसा लिहावा?

डेस्कवाली : एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवेची टीम माझ्याकडे आहे. दुचाकी कर्जाचे अर्ज आधी सिस्टीम ठरलेल्या नियमांवर तपासते. एक नियम असा, की सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. एका अर्जदाराचा पगार ३२,००० रुपये, म्हणजे मर्यादा १६,०००. क्रेडिट रिपोर्टनुसार त्याचे चालू हप्ते १२,६०० आणि आमचा नवा ४,१००, एकूण १६,७००. अर्ज बाद. त्याचं म्हणणं, यातला ३,२०० चा हप्ता टीव्हीच्या कर्जाचा आहे आणि ते कर्ज फिटलंय.

आमचा ठरलेला मेल असा : 'अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही.' मग माणूस पुन्हा फोन करतो. फेरविचाराची मुदत १५ दिवस आहे. मेलमध्ये नेमकं काय लिहू?

रोखठोक : आकडे अजिबात देऊ नका. मर्यादा कळली की लोक पगार फुगवून कागद आणतात. खाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा पत्ता टाका आणि मोकळ्या व्हा.

जुना अंडररायटर : रोखठोक, फसवणूक पकडायचे नियम उघड करू नयेत, इथवर पटतं. पण हप्त्यांचा भार काही गुपित नाही, आणि पगार तुम्ही बँक स्टेटमेंटवरून ताडून बघताच. लोकपालाचं म्हणाल, तर कर्ज द्यायचं की नाही हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय. त्यावरची तक्रार तिथे टिकत नाही. रिपोर्टमधली चूक मुदतीत सुधारली नाही, तर मात्र टिकते. सरसकट पत्ता दिलात तर अर्जदाराचा महिना फुकट जाईल.

डेस्कवाली, या अर्जदाराचे ३,२०० वगळले तर बेरीज १३,५०० होते, म्हणजे ४२ टक्के. नियम न बदलता तो बसतो. मेलमध्ये हेच दिसलं पाहिजे. मी असा लिहीन :

> आपला अर्ज हप्त्यांच्या मर्यादेच्या नियमामुळे नाकारला गेला. पगार ३२,००० रुपये, मर्यादा १६,०००, मोजलेले हप्ते १६,७००. यात टीव्हीच्या कर्जाचा ३,२०० रुपयांचा हप्ता आहे, कारण आम्ही पाहिलेल्या रिपोर्टमध्ये ते खातं चालू दिसतं. रिपोर्टची तारीख व खात्याचे शेवटचे चार अंक खाली दिले आहेत.
>
> कर्ज फिटलं असल्यास त्या कंपनीचं ना हरकत पत्र आणि शेवटचा हप्ता दिसेल असं बँक स्टेटमेंट याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. नवा अर्ज करू नका. तुमची कागदपत्रं सिस्टीम नव्हे, कर्ज विभागातला अधिकारी पाहील.

'नवा अर्ज करू नका' हे वाक्य गाळू नका. नव्या अर्जाला पुन्हा रिपोर्ट मागवला जातो, त्याची चौकशी म्हणून नोंद होते, आणि अशा नोंदी साठल्या की स्कोअरला फटका बसतो. शिवाय रिपोर्ट तोच असेल तर उत्तरही तेच येणार.

रिपोर्टवाचक : रिपोर्ट दुरुस्त कसा करायचा तेही लिहा. त्या खात्यासमोर `Date Closed` रिकामं आणि `Current Balance` मध्ये रक्कम असेल, तर जुन्या कंपनीने खातं बंद झाल्याचं कळवलेलंच नाही. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, त्या कंपनीला विचारून बदलते. म्हणून तक्रार दोन्हीकडे टाकलेली बरी. यासाठी मुदत ३० दिवसांची; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

आणि तुमची फेरविचाराची मुदत १५ दिवस! रिपोर्ट सुधारून येईपर्यंत तुमची खिडकी बंद झालेली असेल.

मी_पुणेकर : माझा स्कोअर ७८०, तरी क्रेडिट कार्ड नाकारलं. मी कुठे अपील करू?

जुना अंडररायटर : मी_पुणेकर, तुमचं प्रकरण वेगळं आहे. आधी बँकेकडे मुख्य कारण लेखी मागा, ते देणं बँकेला भाग आहे. चांगला स्कोअर असला तरी उत्पन्नाच्या किंवा पत्त्याच्या नियमात अर्ज अडकतो.

डेस्कवाली : १५ दिवसांची गोची माझ्या लक्षातच आली नव्हती. पण आमचा कर्ज विभाग म्हणतो, रिपोर्ट बदलल्याशिवाय नुसत्या ना हरकत पत्रावर हात लावणार नाही, पत्रं खोटीही येतात.

जुना अंडररायटर : खोटी येतात, खरंय. ज्या कंपनीचं पत्र आहे तिच्या अधिकृत मेलवरून खातरजमा करून घ्या. स्टेटमेंटमध्ये ३,२०० चा हप्ता जायचा कधी थांबला तेही बघा. पत्रातल्या तारखेनंतरही कापला जात असेल तर पत्रात खोट आहे.

रिपोर्टवाचक : मी तरी कर्ज विभागाच्या बाजूने. तक्रारीची पोच आली की १५ दिवसांचं घड्याळ थांबवा, आणि रिपोर्ट सुधारल्यावर त्याच अर्जावर निर्णय घ्या.

डेस्कवाली : दोन्ही पर्याय वर मांडते. तोवर मसुद्यातलं 'अधिकारी पाहील' हे वाक्य पाठवत नाही. विभाग पाहायला तयार नसेल तर ते खोटं ठरेल.