शब्दचर्चा: 'स्यूडो फर्स्ट ऑर्डर'ला काय म्हणावं? छद्म, मिथ्या की आभासी?

मिरजेची
बीएस्सीच्या मुलांसाठी प्रॅक्टिकलचं मराठी टिपण लिहायला घेतलंय. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. इंग्रजी जर्नल उतरवून काढतात, पण आपण काय केलं ते सांगता येत नाही. प्रयोग नेहमीचाच: हायड्रोक्लोरिक आम्लात मिथाइल ॲसिटेट हे एस्टर घालायचं, थोड्या थोड्या वेळाने २ मिली काढून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं आणि वेगाचा स्थिरांक k काढायचा. गाडी शीर्षकावरच अडलीय. 'छद्म प्रथम कोटी', 'मिथ्या प्रथम कोटी', 'आभासी प्रथम कोटी' असे तिन्ही शब्द लोक वापरतात. वर्गात मी 'मिथ्या' म्हणून बसले, तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, कोटी खोटी, मग k खरा कसा?" हशा पिकला, पण प्रश्न काही वावगा नव्हता. तुम्ही काय म्हणाल?

अजिंक्यतारा
मिथ्याच बरोबर, त्यात घाबरायचं काय? एस्टरचा एक रेणू, पाण्याचा एक रेणू, म्हणजे खरी कोटी दोन. पाणी ढीगभर असतं म्हणून आपण सोयीसाठी एक धरतो. ॲसिडही भरपूर असतं म्हणून तेही सोडून देतो. जे नाही ते धरलं की ते मिथ्याच. 'छद्म' नको, छद्मी हसणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

वाईकर
अजिंक्यतारा, पाण्याचं म्हणालात ते निम्मं पटलं, ॲसिडचं अजिबात नाही.

आधी पाणी. ०.५ नॉर्मल आम्ल १०० मिली आणि एस्टर ५ मिली असं नेहमीचं माप धरा. एस्टर लिटरला सुमारे ०.६ मोल भरतं, पाणी सुमारे ५२. सगळं एस्टर फुटून गेलं तरी पाणी ५२ वरून ५१.४ वर येणार. एक टक्क्याच्या आसपासचा हा फरक आपल्या ब्युरेटला कळतच नाही. म्हणून वेगाच्या समीकरणात पाणी एका ठरावीक आकड्यासारखं वागतं आणि k मध्ये मुरून जातं.

ॲसिडची गोष्ट निराळी. मिश्रणात ते ०.४८ च्या आसपास असतं, म्हणजे एस्टरपेक्षाही कमी. भरपूर कुठलं? ते तेवढंच राहतं, कारण ते उत्प्रेरक आहे, खर्चच होत नाही. पाणी स्थिर राहतं ते मुबलक म्हणून, आम्ल स्थिर राहतं ते परत मिळतं म्हणून. पण दोघंही k मध्ये दडलेले असतात. उद्या आम्ल अर्धं घेऊन बघा, k जवळपास अर्धा येईल. वाटेल ते सोडून दिलं असतं तर असं झालं असतं का?

आता 'खरी कोटी दोन' हे. कोटी कागदावरचे रेणू मोजून ठरत नाही, प्रयोगात वेग कसा बदलतो त्यावरून ठरते. या प्रयोगात ती एकच येते. त्यात खोटं काही नाही. म्हणून 'मिथ्या'ला माझा विरोध. त्या मुलीला सांगा, k खराच आहे, फक्त तो एकट्या एस्टरचा नाही.

साखरलॅब
मध्येच बोलतो, माफी असावी. मी कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, सांगली जिल्ह्यातच. आमच्याकडे हीच भानगड 'इन्व्हर्जन' नावाने चालते. साखर अधिक पाणी, ॲसिड मिळालं की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ऊस शिळा झाला किंवा रसाचा पीएच घसरला की पोल, म्हणजे रसातली साखर, खाली. म्हणून तर चुना सोडतो. शब्दाचं मला कळत नाही, पण आमच्या साखरेला पण 'मिथ्या'च म्हणायचं का? आणि याच ब्युरेटने रसातल्या इन्व्हर्जनचा k निघेल का? आमच्याकडे ब्युरेट पडून आहेत.

वाईकर
साखरलॅब, तुमचं उदाहरण तर या घराण्यातलं थोरलं. विल्हेल्मी याने १८५० मध्ये पोलरीमीटर लावून साखरेचाच वेग मोजला होता. साखर आणि पाणी मिळूनही वेग साखरेच्याच प्रमाणात बदलतो, हे तिथे दिसलं. पण ब्युरेट तसाच लावू नका. एस्टर फुटलं की ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि आपण ते मोजतो. साखर फुटून आम्ल होत नाही, त्यामुळे सोडियम हायड्रॉक्साइडला फरक कळणारच नाही. तुम्हाला पोलरीमीटर बरा, नाहीतर तुमचं फेहलिंगचं टायट्रेशन.

साखरलॅब
हां, फेहलिंग रोजचंच आहे. बरं झालं विचारलं.

तिसरंवर्ष
नमस्कार. मॅडम, शब्दाबद्दल नाही, पण प्रयोग तोच आहे म्हणून इथेच विचारतो. माझा k स्थिर येतच नाहीये, वाढतच जातोय. सर म्हणाले ग्राफ 'जुळवून आण'. कॉलेजचं नाव सांगत नाही. रीडिंग असे, ०.१ नॉर्मल NaOH:

```
t (min)   V (mL)
0          9.5
10        10.1
20        10.6
40        11.6
60        12.5
90        13.7
V∞        19.2
```

k २० मिनिटांना ०.००६०, ४० ला ०.००६१, ६० ला ०.००६२, ९० ला ०.००६३. सेकंड ऑर्डर निघाली की काय?

वाईकर
जुळवून काही आणू नका, रीडिंग उत्तम आहेत. आधी एक सांगा, V∞, म्हणजे सगळं एस्टर फुटून गेल्यावरचं रीडिंग, कसं काढलंत?

तिसरंवर्ष
थोडं मिश्रण कॉनिकलमध्ये घेऊन वॉटर बाथवर अर्धा तास गरम केलं, मग गार करून २ मिली घेतलं. बूच नव्हतं लावलं, उडेल म्हणून.

वाईकर
बूच उडालं नाही, एस्टर उडालं! मिथाइल ॲसिटेट ५७ अंशांना उकळतं. फुटायच्या आधीच त्यातलं काही वाफ होऊन गेलं, तेवढं ॲसिटिक आम्ल कमी झालं, V∞ कमी आलं.

आता हे k ला कसं नडतं ते बघा. V0 म्हणजे नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल. पुढे V वाढतं ते ॲसिटिक आम्लामुळे. म्हणून V∞ वजा V0 हे सुरुवातीचं एस्टर आणि V∞ वजा Vt हे त्या घडीला उरलेलं एस्टर.

```
k = (2.303/t) × log[(V∞ − V0)/(V∞ − Vt)]
```

V∞ दोन्हीकडे आहे. ते कमी आलं की वरचा आणि खालचा आकडा सारखाच घटतो, पण खालचा मुळात लहान आणि वेळेबरोबर आणखी लहान होत जाणारा, म्हणून त्याला तो फटका जास्त बसतो. त्यामुळे k चढत जातो. सावकाश चढणारा k दिसला की पहिला संशय V∞ वर घ्यावा, कोटीवर नव्हे. V∞ जास्त आलं तर उलट, k उतरत जातो.

मूळ मिश्रण बूच लावून ठेवलंय का अजून?

तिसरंवर्ष
हो, बाटली कपाटात आहे. कालपासून.

वाईकर
छान. चोवीस तास होऊ द्या. तुमच्या वेगाने दर दोन-सव्वादोन तासांना एस्टर अर्धं होतंय, एवढ्या वेळात जेमतेम हजारातला एखादा भाग उरेल. त्यातून २ मिली घ्या.

तिसरंवर्ष
आज केलं. V∞ २१.२ आलं! त्याने मांडलं तर २०, ४०, ६०, ९० या सगळ्यांना k ०.००४९ प्रति मिनिट. मान गेले आठ दिवस खाली होती, आज वर झाली. फक्त १० मिनिटांचा ०.००५३ येतोय. तो खोडू का?

वाईकर
खोडू नका, जर्नलमध्ये राहू द्या. दहा मिनिटांत ब्युरेट फक्त ०.६ मिली सरकलंय. त्यात एका बारीक रेघेची, ०.१ मिलीची चूक धरा. १०.१ ऐवजी १०.० वाचलं असतं तर k ०.००४४ आला असता. तीच रेघ ९० मिनिटांच्या रीडिंगमध्ये चुकली तर फारसं काही बिघडत नाही. म्हणून एकेका k ची सरासरी काढण्यापेक्षा log(V∞ − Vt) विरुद्ध वेळ असा आलेख काढा आणि रेषेच्या उतारावरून k घ्या.

मिरजेची
तिसरंवर्ष, तुझे आकडे टिपणात घेऊ का रे? नाव नाही टाकत. चढणाऱ्या k सकट घेते, तेच तर शिकवायचंय.

वाईकर सर, आमच्याकडे आणखी एक होतं. टायट्रेशन संपताना गुलाबी रंग येतो आणि मुलं बघता बघता तो जातो. मग आणखी एक थेंब, परत जातो. असं करत रीडिंग फुगतं.

वाईकर
शेवटच्या थेंबाने द्रावण किंचित अल्कधर्मी झालं की उरलेलं एस्टर त्या अल्कलीनेच फुटतं, आणि नवं आम्ल गुलाबी खाऊन टाकतं. सुरुवातीच्या रीडिंगला एस्टर जास्त असतं, तेव्हा हे जास्त जाणवतं. बर्फाच्या पाण्यातच नमुना सोडा, हात झटपट चालवा आणि हलवल्यावर काही सेकंद टिकणारा पहिला गुलाबी हाच शेवट माना. बर्फाचं काम दुहेरी आहे. नमुना गार पडतो आणि आम्लही पातळ होतं, म्हणून घड्याळ तिथे थांबल्यासारखं होतं.

तिसरंवर्ष
घ्या की मॅडम आकडे. आमच्याकडे बर्फ संपला होता म्हणून साधं पाणी वापरलं, तेही लिहा हवं तर.

अजिंक्यतारा
ॲसिडचं मान्य, सर. पण शब्दाचं अजून नाही. पाण्याची कोटी एक नाही हे सिद्ध कुठे झालंय? ती दिसत नाही एवढंच. ॲसिटोन घालून पाणी कमी केलं तर दिसेल ना? मग जी आहे पण दिसत नाही, तिला 'छद्म' म्हणजे वेषांतर केलेली म्हणणं जास्त चपखल नाही का? मीच आधी 'छद्म' नको म्हणालो होतो, पण आता तोच बरा वाटतोय.

वाईकर
वेषांतर ही कल्पना मला आवडली. पण ॲसिटोनने एवढं सरळ दिसणार नाही. पाणी कमी होतंच, शिवाय द्रावकच बदलतो, आम्लाचा जोरही बदलतो. वेग घटला तर तो पाण्याच्या कोटीमुळे की बदललेल्या माध्यमामुळे, हे निव्वळ त्या एका प्रयोगातून सुटत नाही.

माझं मत 'आभासी'कडे. दहावीत 'आभासी प्रतिमा' मुलांनी वाचलेली असते. आरशातली प्रतिमा पडद्यावर घेता येत नाही, पण तिचं अंतर मोजता येतं. ही कोटीही तशीच, मोजली तर एकच येते.

साखरलॅब
'आभासी' म्हटलं की आमच्या पोराला ऑनलाइन क्लास आठवतो, हे आपलं जाता जाता.

मिरजेची
खरंय काका! तरी शीर्षकात 'आभासी प्रथम कोटी' ठेवते, खाली 'छद्म'ही देते, परीक्षेत तो शब्द आला तर मुलं गोंधळायला नकोत. 'मिथ्या' काढला. आणि k च्या खाली रिकामी जागा ठेवतेय, आम्लाची नॉर्मलता आणि तापमान लिहायला. ती दोन्ही नसली तर ०.००४९ कशाचा, तेच कळायचं नाही.

अजिंक्यतारा
शीर्षकात दोन्ही शब्द बरोबरीने द्या. एकाला वर, एकाला खाली, हे मला पटलेलं नाही.