प्रतिसाद: खोक्यावरचा २.१ आणि आतली तार

> «एचडीएमआय केबलवर २.१ लिहिलंय, मग ४के १२० हर्ट्झला स्क्रीन मधूनमधून काळी का होते?»

२.१ हा आकडा खरं तर टीव्ही आणि कन्सोलच्या पोर्टचा. केबलची खरी ओळख तिच्या वर्गात असते: प्रीमियम हाय स्पीड सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. ४के ६० हर्ट्झ, ८ बिट रंगात, १८ च्या आत कसंबसं बसतं. १२० हर्ट्झ आणि १० बिट रंग घेतले, की गरज ४० च्या घरात जाते.

तिथे स्वस्त केबल मार खाते. वेग वाढला की सिग्नल तांब्यात जास्त विरतो. तार बारीक, लांबी जास्त, शिल्डिंग कमी असेल तर पलीकडे बिट ओळखूच येत नाहीत. माझ्याकडच्या ३ मीटरच्या बारीक केबलवर आधी पांढरे ठिपके चमकायचे, मग दोन सेकंद अंधार. कन्सोल ६० हर्ट्झवर आणला, तर तीच केबल तासन्‌तास बिनतक्रार चालली. तुम्हीही आधी हेच करून बघा. ६० ला चित्र स्थिर राहिलं तर पहिला संशय केबलवरच घ्या.

नवी घेताना खोक्यावर अल्ट्रा हाय स्पीडचं क्यूआर लेबल शोधा आणि ते अधिकृत ॲपने स्कॅन करा. शक्य असेल तर २ मीटरचीच घ्या.