मदत हवी आहे: क्रेब्स चक्राचा उत्तरार्ध कोऱ्या कागदावर चुकतो

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात बी.एस्सी. करते. क्रेब्स चक्राचा फ्लोचार्ट पाहून झाला की वही मिटून कोऱ्या कागदावर काढते. सुरुवातीला कार्बन मोजणं हीच माझी खूण: सायट्रेट 6, एक CO₂ गेला की 5, दुसरा गेला की 4. इथवर हात अडत नाही. पुढे मात्र सगळेच 4 कार्बनचे, मग खूणच संपते. काल फ्युमरेटनंतर पाणी राहिलं आणि FADH₂ च्या जागी NADH लिहिलं.

आता सक्सिनेटपासून ‘हायड्रोजन काढा, पाणी घाला, पुन्हा हायड्रोजन काढा’ असं म्हणते. पहिल्या वेळी दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध होतो आणि तिथली ऊर्जा NAD⁺ ला पुरत नाही, म्हणून FAD, हे कळलंय. पण काढताना ते आठवावं म्हणून बाणाशी काय खूण करता?