कॉटनचं बनियन नको

«मुलगी जानेवारीत कॅनडातल्या विनिपेगला शिकायला चाललीय. इथूनच दोन जाड स्वेटर आणि कॉटनची बनियनं देऊ का?»

ताई, स्वेटर एकच द्या, पण बनियनं अजिबात नकोत. आपल्या निफाडच्या थंडीत ती चालतात, तिथे जानेवारीत रात्री उणे 20 सहज असतं. माझा भाचा पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर धावत गेला, घामाने बनियन भिजलं, बस आली वीस मिनिटांनी. वरून एवढं जाड जॅकेट, तरी पाठ गारठली. कॉटन घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब ओढून घेतं.

अंगालगत मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल हवं, अंगाला चिकटून बसणारं. त्यावर फ्लीसचं मऊ, उबदार जाकीट किंवा तुमचा तो स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. ते तिथेच घेऊ दे, मात्र पहिल्या दिवसापुरतं एक इथून हवंच. घेताना आत स्वेटर घालून हात वर करून बघा. काखेत, खांद्यावर आवळलं तर मोठं घ्या, कारण ऊब मधल्या हवेत असते आणि ती दबली की थर वाया. मोज्यांचंही तेच, दोन जोड कोंबून बूट घट्ट झाले तर बोटं आणखी गारठतात.

तिला एवढं सांगा: चालताना उकडायला लागलं की लगेच चेन उघडायची, घाम येईपर्यंत थांबायचं नाही.